मीटिंगमधून नाव काढायचंय, पण सांगायचं कुणाला?

आजचा विषय एका मैत्रिणीकडून आलाय. ती पुण्यात एका कंपनीत आहे, कंपनीचं नाव राहू दे. जानेवारीत ती पेमेंट्सच्या टीममधून सर्चच्या टीममध्ये गेली. काम बदललं, मॅनेजर बदलला, बसायची जागासुद्धा बदलली. पण दर मंगळवारी आणि गुरुवारी जुन्या टीमचा अमेरिकन क्लायंटबरोबरचा कॉल तिच्या कॅलेंडरवर तसाच. शिवाय जुन्या टीमच्या अलर्टचे रोज तीस-चाळीस मेल.

जानेवारी-फेब्रुवारीत तिने दुर्लक्ष केलं, कारण कॉल रात्री साडेआठला असायचा. पण तो न्यूयॉर्कच्या सकाळी दहाला बांधलेला. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे गेली आणि आपल्याकडे कॉल साडेसातला आला, नेमका नव्या टीमच्या रिलीजच्या वेळेवर. आता नव्या टीमला कॅलेंडरमध्ये ती ‘बिझी’ दिसायला लागली.

तिने काय केलं? सगळे करतात तेच, डिक्लाइन. आधी एकेका दिवसाचा, मग पूर्ण सिरीजचा. कॅलेंडर स्वच्छ. दोन आठवड्यांनी जुन्या मॅनेजरने कॉलची लिंक बदलली आणि इनव्हाइट परत हजर!

इथे काय घडतं ते नीट समजून घेऊ. डिक्लाइन म्हणजे ‘मी येणार नाही’ एवढंच उत्तर. बोलावलेल्यांच्या यादीत तुमचं नाव राहतंच, फक्त त्यापुढे नकार लागतो. त्यामुळे ऑर्गनायझरने वेळ किंवा लिंक बदलून सगळ्यांना अपडेट पाठवलं, की ते तुम्हालाही येतं. यादीतून नाव काढणं साधारणपणे ऑर्गनायझरच्या हातात असतं. म्हणून मेसेज त्यालाच करायचा, एकट्याला.

आता शब्द काय वापरायचे? बहुतेक जण ‘प्लीज रिमूव्ह मी’ एवढंच लिहितात. समोरची व्यक्ती पंधरा सिरीज सांभाळत असते. यातली कुठली, का, आणि तुझं काम आता कोण बघणार, हे तिला विचारावं लागतं. मग ‘नंतर बघू’ होतं आणि ते राहून जातं. मैत्रिणीने शेवटी जो मेसेज पाठवला, तो साधारण असा होता. ऑफिसात तो इंग्रजीत गेला, मी आपल्या भाषेत सांगतोय:

“नमस्कार मॅडम, मंगळवार-गुरुवारचा संध्याकाळी साडेसातचा क्लायंट कॉल आहे ना, त्या पूर्ण सिरीजमधून माझं नाव काढाल का? जानेवारीपासून मी सर्च टीममध्ये आहे आणि त्याच वेळेला आमचं रिलीज असतं. रिफंडचे प्रश्न आता अमुक बघतो, माझं त्याच्याशी बोलणं झालंय आणि तो इनव्हाइटमध्ये आहे. मधे काही अडलं तर महिनाअखेरपर्यंत मला थेट विचारा.”

यात माफी नाही, तक्रारही नाही. वाचणाऱ्याला पुढचा प्रश्न पडत नाही, ती फक्त नाव काढते. सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तिसरं आहे. कारण त्या कॉलवर रिफंडचा विषय निघाला की सगळे हिच्याकडे बघायचे. ही गुपचूप गायब झाली असती, तर क्लायंटने प्रश्न विचारल्यावर समोर शांतता झाली असती. म्हणून आधी त्या मुलाशी बोलणं, मग मॅडमना मेसेज. क्रम उलटा नको.

ती मीटिंग तासाभरात गेली. अलर्टच्या मेलचं मात्र प्रकरण लांबलं, आणि मला खरं तर त्याबद्दलच बोलायचंय.

ग्रुपच्या मेलमध्ये आधी हे बघायचं, की आपण त्या ग्रुपमध्ये आलो कसे. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाखाली छोटा बाण असतो. तो दाबला, की ग्रुपच्या मेलला `mailing list:` अशी ओळ दिसते आणि ग्रुपचं नाव कळतं. तुम्ही त्यात थेट सदस्य असाल आणि गूगल ग्रुप असेल, तर ग्रुपच्या पत्त्यात `+unsubscribe` घालून एक मेल पाठवला की काम होतं. म्हणजे असं:

```
pay-alerts+unsubscribe@example.com
```

अर्थात ॲडमिनने बाहेर पडायची परवानगी ठेवली असेल तरच.

पण बऱ्याचदा तुम्ही थेट सदस्य नसता. मोठ्या ग्रुपच्या पोटात छोटा ग्रुप असतो आणि तुम्ही त्या छोट्यात असता. मग मोठ्या ग्रुपच्या यादीत तुमचं नावच सापडत नाही. ओनर प्रामाणिकपणे म्हणतो, ‘अगं, तू तर यात नाहीयेस’, आणि मेल येतच राहतात. अशा वेळी नाव त्या छोट्या ग्रुपमधून काढायला लागतं.

मैत्रिणीचा प्रकार याहून वेगळा निघाला. तिचा ग्रुप कुणी हाताने बनवलेलाच नव्हता. कंपनीच्या डिरेक्टरीत ज्यांच्या नावापुढे ‘पेमेंट्स’ विभाग लिहिलाय, ते सगळे आपोआप त्यात. आणि हिची टीम बदलली तरी डिरेक्टरीत विभाग जुनाच होता! मग ग्रुपच्या ओनरला कितीही विनवा, तो काय करणार? एचआर आणि आयटीला तिकीट टाकून विभाग दुरुस्त करून घेतला, तेव्हा मेल थांबले. तुमच्या बाबतीत ओनर म्हणाला की ‘मला काढताच येत नाही’, तर आधी आपली डिरेक्टरीतली नोंद उघडून बघा.

तिकीट टाकण्याआधी तिने एक गोष्ट तपासली ती बरी. ग्रुप फक्त मेलसाठी नसतो, फाइल आणि डॅशबोर्डची परवानगीही अनेकदा ग्रुपलाच दिलेली असते. ग्रुपमधून गेलात की तीही जाते. तिचं एक हँडओव्हर डॉक्युमेंट त्याच परवानगीवर उघडत होतं, ते तिने आधी स्वतःच्या नावाने शेअर करून घेतलं. आणि रात्रीच्या रिफंड फाइलचा अलर्ट खरंच कुणी वाचतं का, हेही त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, ‘माझा फिल्टर आहे, सगळे अलर्ट थेट एका फोल्डरमध्ये जातात.’ म्हणजे इतके दिवस तो अलर्ट फक्त हिच्याच इनबॉक्समध्ये डोळ्यांसमोर येत होता! त्याने त्या एका अलर्टसाठी फिल्टर बदलला, मग ही बाहेर पडली.

आणि हो, काहीही झालं तरी ‘मला काढा’ हे रिप्लाय-ऑल करून लिहू नका. 1997 साली मायक्रोसॉफ्टमध्ये ‘बेडलाम डीएल 3’ नावाच्या लिस्टवर हेच झालं होतं. हजारो लोकांच्या त्या लिस्टवर एकाने विचारलं, मी यात का आहे, मला काढा. बाकीच्यांनी सगळ्यांना उत्तर दिलं, ‘मलाही!’ त्या उत्तरांच्या ओझ्याने कंपनीची मेल व्यवस्था कोलमडली.

राहिला एक अवघड प्रकार, जिथे सिरीज बनवणारी व्यक्तीच कंपनी सोडून गेलीय. मेसेज करणार कुणाला? आउटलुकमध्ये तयार झालेल्या मीटिंगचा ऑर्गनायझर बदलता येत नाही. तिथे मीटिंग सध्या चालवणाऱ्याला सांगायचं, की नव्या नावाने नवी सिरीज करा आणि त्यात मला घेऊ नका, आणि जुनी आयटीकडून रद्द करून घ्या. तोवर तुमच्या कॅलेंडरमधून पूर्ण सिरीज डिलीट केलीत तरी चालतं. अपडेट पाठवायला तिथे आता कुणी नाहीच.