नरनाळ्याचा दरवाजा आणि अर्धपारदर्शक माणूस

मागच्या भागानंतर एकच प्रश्न खूप जणांनी विचारला: तीन फोटो जोडून एचडीआर केला, तर त्यात भुतं काहून दिसतात?

आता अकोटजवळच्या नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा घ्या. 1487 सालचा, नक्षीदार. कमानीच्या आत सावली, बाहेर लख्ख आभाळ. एका फोटोत दोन्ही मावत नाही. म्हणून ट्रायपॉड लावला, आयएसओ 100 ठेवला, फोकस आणि व्हाइट बॅलन्स लॉक केला आणि फक्त शटर बदललं: 1/500, 1/125, 1/30. म्हणजे प्रत्येक फोटोत आधीच्यापेक्षा साधारण चौपट उजेड. पण तेवढ्यात एक काका कमानीतून चालत गेले. तिन्ही फोटोंत ते वेगळ्या जागी. सॉफ्टवेअरनं सरसकट सरासरी काढली, की काकांच्या आरपार दगड दिसणार. हेच ते भूत.

उपाय सोपा आहे. मधला फोटो प्रमाण माना. आता दगडाचा एक पिक्सेल बघा. मधल्या फोटोत त्याची किंमत 0.10, तर उजळ फोटोत 0.40. चारनं भागा, 0.10 आलं. जुळलं, म्हणजे तिथं काही हललं नाही. दोन्ही फोटो मिसळा. शेजारच्या पिक्सेलवर उजळ फोटोत काकांचा पांढरा सदरा आहे: 0.80. चारनं भागलं तर 0.20, पण मधला म्हणतो 0.10. इतका फरक नुसत्या नॉइजचा नसतो. मग तिथं उजळ फोटो टाकून द्या, फक्त मधला ठेवा. हा हिशेब रॉ फाइलवरच जमतो, कारण जेपीईजीमध्ये चौपट उजेड म्हणजे चौपट आकडा नसतो.

लाइटरूममध्ये हेच काम `Deghost Amount` करतं. `Low` पासून सुरू करा. `High` केलं की जास्त भाग एकाच फोटोतून येतो आणि सावलीत दाणेदारपणा वाढतो.

पानांची गोष्ट मात्र जरा अवघड आहे बरं का. पानांमागचं आभाळ मधल्या फोटोत पूर्ण पांढरं झालेलं असतं, 1.0 वर अडकलेलं. तिथं तुलना करायला माहितीच नाही. आभाळ गडद फोटोतून घ्यावं, तर वाऱ्यानं पान सरकलेलं, आणि एका पानाला दोन कडा येतात. अशा वेळी तेवढं अख्खं झाड, आभाळासकट, 1/500 च्या एकाच फोटोतून घ्या आणि मास्कची कड मऊ ठेवा. पानांच्या सावलीत थोडा नॉइज येईल, पण दुहेरी पान येणार नाही.

तपासायचं कसं? फोटो 100 टक्के झूम करा. आधी माणसांचे पाय बघा, मग आभाळाला लागलेल्या फांद्या. भूत असलं तर तिथंच सापडतं.

आणि फोनवर हे कमी का दिसतं? गुगलच्या एचडीआर प्लसनं, 2016 च्या त्यांच्या पेपरनुसार, वेगवेगळ्या एक्सपोजरचा नादच सोडला. सारख्याच, मुद्दाम गडद ठेवलेल्या फोटोंचा झपाट्यानं गठ्ठा काढायचा आणि तो जोडायचा. सगळे फोटो एकसारखे, म्हणून काय हललं ते ओळखणं सोपं.