मोठे घात, छोटी बाकी: मॅट्रिक्सच्या हिशेबातला केली-हॅमिल्टन सिद्धांत

प्रत्येक चौरस मॅट्रिक्सला स्वतःचे एक बहुपदी समीकरण असते. मॅट्रिक्सचे नाव A आणि एकक मॅट्रिक्सचे I असेल, तर xI − A या मॅट्रिक्सचा निश्चयक उलगडला की x मधली एक बहुपदी मिळते. तिला A ची लाक्षणिक बहुपदी म्हणतात. A मध्ये दोन ओळी आणि दोन स्तंभ असतील तर या बहुपदीची कोटी दोन, तीन असतील तर तीन. केली-हॅमिल्टन सिद्धांत सांगतो की या बहुपदीत x च्या जागी खुद्द A ठेवली आणि स्थिर पदाला I ने गुणले, तर उत्तर शून्य मॅट्रिक्स येते. म्हणजे A आपलेच समीकरण पाळते.

दोन ओळींच्या मॅट्रिक्ससाठी हे हाताने पाहता येते. पहिल्या ओळीत a, b आणि दुसरीत c, d असेल, तर लाक्षणिक बहुपदी x² − (a+d)x + (ad − bc) अशी येते. मधला सहगुणक म्हणजे कर्णावरच्या संख्यांची बेरीज, शेवटचे पद म्हणजे निश्चयक. आता A² काढली तर कर्णाबाहेरच्या जागी b(a+d) आणि c(a+d) येतात. (a+d)A मध्येही त्या जागी हेच असते, त्यामुळे वजाबाकीत ते उडून जाते. कर्णावर पहिल्या जागी a² + bc मधून a² + ad वजा होते आणि bc − ad उरते. दुसऱ्या जागीही तेच उरते. त्यात निश्चयक मिळवला की सगळीकडे शून्य.

आर्थर केली यांनी १८५८ साली मॅट्रिक्सवरच्या आपल्या प्रबंधात दोन ओळींसाठी हा पडताळा दिला, तीन ओळींसाठीही तो करून पाहिल्याचे नमूद केले आणि सर्वसाधारण सिद्धता देण्याची गरज वाटत नाही असे म्हणून विषय संपवला. आजच्या परीक्षकाने त्यावर लाल रेघ मारली असती. विल्यम हॅमिल्टन यांचे नाव जोडले गेले ते चतुर्दलांवरच्या त्यांच्या आधीच्या कामामुळे. सर्वसाधारण सिद्धता १८७८ साली फ्रोबेनियस यांनी दिली. एक खोटी सिद्धता मात्र अजून वहीत सापडते: xI − A मध्ये x = A ठेवले की A − A येते, त्याचा निश्चयक शून्य, झाले. हे चालत नाही, कारण निश्चयक ही संख्या आहे आणि सिद्धांतातले शून्य ही मॅट्रिक्स आहे. आधी निश्चयक उलगडून बहुपदी मिळवायची आणि मग A ठेवायची, हा क्रम उलटवता येत नाही.

या समीकरणाचा पहिला रोकडा उपयोग व्यस्त मॅट्रिक्स काढण्यासाठी होतो. पुढची मॅट्रिक्स घेऊ:

```
    | 1  2  0 |
A = | 0  1  1 |
    | 1  0  1 |
```

तीन ओळींच्या मॅट्रिक्ससाठी बहुपदीचे सहगुणक तीन संख्यांवरून मिळतात. कर्णावरची बेरीज 3 आहे. कर्णावरच्या दोन-दोन जागा धरून बनणारे तीन छोटे निश्चयक 1, 1, 1 येतात, त्यांची बेरीज 3. पूर्ण निश्चयकही 3. चिन्हे आलटून-पालटून लावली की x³ − 3x² + 3x − 3 ही बहुपदी तयार होते. ती (x − 1)³ − 2 अशीही लिहिता येते, म्हणजे तिच्या मुळांमध्ये 2 चे घनमूळ येणार आणि तीनपैकी दोन मुळे काल्पनिक असणार. कर्णीकरणाच्या वाटेने जायचे तर आधी ही मुळे, मग प्रत्येकाचे सदिश, मग त्या सदिशांच्या मॅट्रिक्सचा व्यस्त, असा सगळा पसारा मांडावा लागला असता. येथे मुळांना हातही लावावा लागत नाही.

सिद्धांतानुसार A³ − 3A² + 3A − 3I = 0. स्थिर पद पलीकडे नेले आणि डावीकडून एक A बाहेर काढली की A(A² − 3A + 3I) = 3I. कंसातली मॅट्रिक्स A ला गुणून 3I देते, म्हणून तिला 3 ने भागले की व्यस्त हातात येतो. त्यासाठी फक्त A² काढावी लागते. तिच्या ओळी 1, 4, 2, मग 1, 1, 2 आणि 2, 2, 1 अशा येतात. त्यातून 3A वजा करून कर्णावर 3 मिळवले की:

```
             | 1  -2   2 |
A⁻¹ = (1/3)  | 1   1  -1 |
             |-1   2   1 |
```

A ची पहिली ओळ या कंसातल्या पहिल्या स्तंभाशी गुणली तर 1 + 2 + 0 = 3 येते, दुसऱ्याशी −2 + 2 + 0 = 0 आणि तिसऱ्याशी 2 − 2 + 0 = 0. बाकीच्या दोन ओळीही अशाच जुळतात. ज्या स्थिर पदाने शेवटी भागले, ते निश्चयकच असते, फार तर चिन्ह बदललेला. तो शून्य असेल तर भागता येत नाही, आणि तेव्हा व्यस्त नसतोच. सिद्धांताला वेगळी अट घालावी लागत नाही, ती समीकरणातच दिसते.

मोठ्या घातांसाठी लागणारी युक्ती शाळेतल्या भागाकाराची आहे. xⁿ ला लाक्षणिक बहुपदीने भागले की एक भागाकार आणि एक बाकी मिळते. x च्या जागी A ठेवली की भाजक शून्य होतो, भागाकार कितीही अवाढव्य असला तरी त्याच्यासकट नाहीसा होतो, आणि Aⁿ बरोबर बाकी एवढेच उरते. बाकीची कोटी भाजकापेक्षा कमी असते. म्हणून दोन ओळींच्या मॅट्रिक्सचा शंभरावा काय किंवा हजारावा काय, कोणताही घात pA + qI या रूपात बसतो. प्रश्न एवढाच उरतो की p आणि q किती.

मुळे सहज मिळत असतील तर बाकी शोधायला भागाकार मांडावा लागत नाही. पुढच्या मॅट्रिक्सचे कर्णीकरण होतच नाही, म्हणून ती मुद्दाम घेतली आहे:

```
A = |  3  1 |
    | -1  1 |
```

कर्णाची बेरीज 4, निश्चयकही 4, त्यामुळे बहुपदी x² − 4x + 4, म्हणजे (x − 2)². मूळ एकच, 2, तेही दोनदा आलेले, आणि त्याच्यासाठी स्वतंत्र सदिशही एकच मिळतो. कर्णीकरणाला दोन लागतात, तेव्हा ती वाट बंद. आता xⁿ = (x − 2)²·Q(x) + px + q असे लिहू. x = 2 ठेवले की 2ⁿ = 2p + q. अज्ञात दोन आणि समीकरण एक, येथेच बरेच जण अडतात. दुसरे समीकरण दोन्ही बाजूंचे अवकलन करून मिळते. (x − 2)² चे अवकलन केल्यावरही (x − 2) हा अवयव शिल्लक राहतो, म्हणून x = 2 ठेवताच Q असलेली सगळी पदे पुन्हा शून्य होतात आणि p = n·2ⁿ⁻¹ मिळते. त्यावरून q = −(n − 1)·2ⁿ. या किमती pA + qI मध्ये ठेवल्या की:

```
Aⁿ = 2ⁿ⁻¹ | n+2    n  |
          | -n    2-n |
```

n = 1 ठेवले तर मूळ मॅट्रिक्स परत मिळते, n = 0 ठेवले तर एकक मॅट्रिक्स. एवढी पडताळणी केली तरी बहुतेक चुका उघड्या पडतात. दहाव्या घातासाठी 512 ने गुणून 6144, 5120, −5120 आणि −4096 या चार संख्या येतात. आणखी खात्री हवी असेल तर घाताचा निश्चयक पाहावा. तो मूळ निश्चयकाचा तितकाच घात असायला हवा, म्हणजे येथे 4¹⁰. कंसातला निश्चयक −96 + 100 = 4, त्याला 512 च्या वर्गाने, म्हणजे 2¹⁸ ने गुणले की 2²⁰ येते, आणि 4¹⁰ तेवढेच आहे. सर्वांत जास्त आढळणारी चूक q ची आहे: ती संख्या I ने न गुणता चारही जागी मिळवली जाते. निश्चयकाची ही कसोटी ती चूक सहसा लगेच पकडते.

मुळे अवघड असतील तर ती न शोधताच बाकी काढता येते, आणि या पद्धतीचे खरे बळ तेथेच आहे. ज्या मॅट्रिक्सच्या ओळी 1, 1 आणि 1, 0 आहेत तिची बहुपदी x² − x − 1. तिच्या मुळांत √5 येतो, पण त्याच्या वाटेला जायचे कारण नाही. x² = x + 1 हा एकच नियम धरून वर्ग करत जायचे आणि प्रत्येक वेळी x² दिसला की त्याच्या जागी x + 1 लिहायचे. x⁴ म्हणजे (x + 1)², म्हणजे x² + 2x + 1, म्हणजे 3x + 2. त्याचा वर्ग 9x² + 12x + 4, म्हणून x⁸ = 21x + 13. पुन्हा वर्ग केला की 441x² + 546x + 169, म्हणून x¹⁶ = 987x + 610. चार वर्गांत सोळावा घात आला: A¹⁶ = 987A + 610I, तिच्या ओळी 1597, 987 आणि 987, 610. मात्रावृत्तांच्या गणनेतून विरहांक आणि हेमचंद्र यांनी मांडलेला, पुढे फिबोनाचीच्या नावाने जगभर गेलेला क्रम तो हाच.

हजाराव्या घातालाही असे नऊच वर्ग लागतात. अधूनमधून एकदा x ने गुणावे लागते, तेही पाचदाच. प्रत्येक पायरीला दोनच संख्या सांभाळायच्या असतात. तीन ओळींच्या मॅट्रिक्समध्ये नऊऐवजी तीन, दहा ओळींच्या मॅट्रिक्समध्ये शंभराऐवजी दहा. जिथे पुढची संख्या मागच्या ठरावीक संख्यांवरून बनते, अशा क्रमांची दूरची पदे काढताना किंवा एखाद्या मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या गणितात म्हणूनच हीच रीत वापरतात. तिथे संख्या पूर्णांक असतात आणि काही निसटत नाही.

दशांशांच्या गणितात मात्र सावध राहावे लागते. दोन मुळे वेगळी पण अगदी जवळ असतील, समजा 2 आणि 2.0001, तर p हा त्यांच्या n व्या घातांमधला फरक भागिले 0.0001 असा येतो. दोन जवळजवळ सारख्या मोठ्या संख्यांची वजाबाकी केली की सुरुवातीचे अंक एकमेकांत उडतात, आणि राहिलेल्या शेवटच्या, आधीच थोड्याफार चुकलेल्या अंकांना दहा हजाराने गुणले जाते. वर्ग करत जाण्याच्या रीतीत हा भागाकार नसल्यामुळे अशा वेळी तीच बरी. पण मॅट्रिक्स शंभर ओळींची असेल तर खुद्द बहुपदीचे सहगुणक काढतानाच गोलाईच्या चुका साचतात, आणि व्यस्तासाठी A चे नव्याण्णवाव्यापर्यंतचे सगळे घात लागतात. म्हणून समीकरणे सोडवणाऱ्या संगणकीय प्रणाली तेथे हा सिद्धांत वापरत नाहीत, ओळींवरच्या क्रियांनी A चे दोन त्रिकोणी मॅट्रिक्समध्ये अवयव पाडतात.