श्राव्य पाठ आणि वाचनपाठ : विषयनिवडीचा विचार

ज्ञान कानाने द्यावे की डोळ्याने, हा प्रश्न महाराष्ट्रात प्रथमच उपस्थित झालेला नाही. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. त्यासाठी पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत श्रोतृमंडळे स्थापन करण्यात आली. त्या जिल्ह्यांत पुणे जिल्हाही होता. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकावयाचा, तो संपताच मंडळातील लोकांनी त्यावर चर्चा करावयाची आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवावयाच्या, अशी योजना होती. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले व समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरॅथ यांनी त्याची मांडणी केली. श्रोतृमंडळे असलेली खेडी, रेडिओ असूनही मंडळ नसलेली खेडी आणि रेडिओच नसलेली खेडी अशी तुलना त्यात योजिली होती. मंडळे असलेल्या खेड्यांत लोकांच्या माहितीत ठळक वाढ दिसून आली. ज्या खेड्यांत रेडिओ होता परंतु मंडळ नव्हते, तेथे ती वाढ पुष्कळच कमी होती.

या निष्कर्षाचा अर्थ बारकाईने पाहिला पाहिजे. दोन्ही ठिकाणी कार्यक्रम तोच होता आणि आवाजही तोच होता. भेद होता तो ऐकल्यानंतर थांबण्याचा. मंडळातील श्रोता ऐकलेले पुन्हा बोलून दाखवीत होता, शेजाऱ्याने काय ऐकले ते ताडून पाहत होता. मंडळ नसलेल्या खेड्यातील श्रोत्याला हे साधन नव्हते. आज आकाशवाणीच्या जागी भ्रमणध्वनीवरील श्राव्य पाठ व पॉडकास्ट आले आहेत. पाठ मागे घेऊन पुन्हा ऐकण्याची सोयही झाली आहे. तथापि मूळ अडचण तीच राहिली आहे, आणि कोणता विषय कानाला सोपवावा याचा निर्णय त्या अडचणीच्या स्वरूपावरूनच करता येतो.

ती अडचण अशी. छापील पानावरील वाक्य वाचकाची वाट पाहते. उच्चारलेले वाक्य श्रोत्याची वाट पाहत नाही. वाचक अवघड स्थळी आपोआप मंदावतो, सोप्या स्थळी वेग घेतो, आणि दोन ओळी वर जाऊन मागचा संदर्भ क्षणात पाहतो. श्रोत्याची गती मात्र वक्त्याच्या हाती असते. मागे जाण्यासाठी त्याला प्रथम आपले काही निसटले आहे हे कळावे लागते, आणि नेमके तेच पुष्कळदा कळत नाही. ऑस्ट्रेलियातील लीही व स्वेलर यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तापमानाचे आलेख प्राथमिक शाळेतील मुलांना समजावून दिले होते. आलेखासोबत येणारे स्पष्टीकरण लांबलचक असता ते वाचणाऱ्या मुलांना अधिक लाभ झाला; तेच स्पष्टीकरण लहान तुकड्यांत दिले असता ऐकणाऱ्यांची सरशी झाली. म्हणजे विषय तोच राहूनही केवळ तुकड्याच्या लांबीने निकाल उलटला. दृष्टी आलेखावर गुंतलेली असताना थोडके शब्द कानाने येणे सोयीचे असते. परंतु ते शब्द वाढले की स्मरणात साठविण्याचा भार आकलनाला मारक ठरतो.

म्हणून ‘इतिहास ऐकावा, गणित वाचावे’ अशी विषयवार वाटणी फारशी उपयोगाची नाही. निकाराग्वात 1970 नंतरच्या दशकात प्राथमिक वर्गांना रेडिओवरून गणित शिकविण्यात आले आणि ते यशस्वीही झाले. परंतु त्या पाठांत प्रश्न विचारल्यावर निवेदक थांबत असे व मुले मोठ्याने उत्तर देत. शिवाय मुलांच्या हाती लेखी कामही असे. उलट, ज्या इतिहासाच्या पाठात पाच राजांची नावे, त्यांचे राज्यकाल आणि परस्पर नाती एका दमात येतात, तो पाठ ऐकून काहीच हाती लागत नाही. तेव्हा वाटणी विषयांची न करता एकाच पाठातील अंशांची केली पाहिजे. प्रत्येक अंशाला तीन प्रश्न विचारावेत. या अंशाकडे शिकणाऱ्याला पुन्हा पुन्हा वळावे लागेल काय? त्यातील घटकांचा क्रम काळातला आहे की जागेतला, म्हणजे ते एकापाठोपाठ घडतात की एकमेकांशेजारी मांडलेले असतात? आणि मूळ वस्तूच ध्वनिरूप आहे काय?

ही कसोटी प्रत्यक्ष कशी लागू पडते हे पाहण्यास पाबळचे उदाहरण सोयीचे आहे. शिरूर तालुक्यातील या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रमाची स्थापना केली. हाताने काम करीत शिकणे हे तेथील शिक्षणाचे सूत्र होय, आणि अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन ही कार्यक्षेत्रे होत. शाळेच्या पुस्तकी शिक्षणात न रमलेली मुलेही अशा शिक्षणाकडे येतात. त्यामुळे ‘यांना वाचन नको, सर्व काही ऐकवावे’ असा मोह अशा ठिकाणी सहज होण्यासारखा आहे. या क्षेत्रातील एक नमुनेदार पाठ घेऊन हा मोह कितपत योग्य ते पाहता येईल. पाठ आहे आर्क वेल्डिंगचा : 3.15 मिलिमीटर जाडीच्या रॉडने लोखंडाच्या दोन पट्ट्या सपाट ठेवून जोडणे.

या पाठाचा पहिला अंश म्हणजे कारणमीमांसा. रॉडचे टोक व पट्टी यांतील अंतर साधारणपणे रॉडच्या गाभ्याच्या जाडीइतके, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर का ठेवावे? अंतर वाढले की ज्योत भटकते, वितळलेले थेंब आजूबाजूस उडतात, हवा आत शिरते व जोड रुंद, उथळ आणि सच्छिद्र होतो. अंतर फारच कमी झाले की रॉड पट्टीला चिकटतो. येथे एका गोष्टीतून दुसरी निघते. क्रम काळातला आहे आणि संख्या एकच आहे. हा अंश ऐकण्यास सर्वथा योग्य असून चार-पाच मिनिटांत मावतो.

दुसरा अंश म्हणजे आवाज. अंतर बरोबर असले की वेल्डिंगचा आवाज कढईत तळण चालू असल्यासारखा एकसारखा, तडतडता येतो. अंतर वाढले की त्याचा एकसारखेपणा मोडतो व तो फुसफुसल्यासारखा होतो. फार जवळ गेले की अडखळतो व अखेर बंद पडतो. काम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काळी काच असते आणि दोन्ही हात गुंतलेले असतात. म्हणून कुशल कारागीर कानावर पुष्कळ विसंबतो. हा अंश पुस्तकाला देताच येत नाही. तीन आवाजांचे स्वतंत्र ध्वनिमुद्रण, प्रत्येक वीस-तीस सेकंदांचे, आधी नावानिशी आणि मग नाव न सांगता क्रम बदलून ऐकविले, तर विद्यार्थी ते ओळखू लागला किंवा नाही हे तेथल्या तेथे कळते. मात्र भ्रमणध्वनीच्या लहान कर्ण्यातून आवाजाचा जाड भाग गळून जातो, म्हणून हे मुद्रण कानाला लावण्याच्या चांगल्या साधनावर ऐकणे इष्ट. ते शांत खोलीत, कामाला जाण्यापूर्वी ऐकावे. कार्यशाळेत कान झाकून काम करीत पाठ ऐकणे धोक्याचे आहे, कारण शेजाऱ्याची हाक ऐकू येत नाही. आणि जो आवाज शिकावयाचा तोच दबला जातो.

तिसरा अंश म्हणजे विद्युत्प्रवाहाचे आकडे. 3.15 मिलिमीटरच्या रॉडला सामान्यतः 90 ते 130 अँपिअर, 2.5 मिलिमीटरच्या रॉडला 60 ते 90 अँपिअर लागतात. पट्टीची जाडी व रॉडचा प्रकार बदलला की आकडाही बदलतो. ही मांडणी जागेतली आहे. आडव्या व उभ्या रकान्यांच्या छेदावर उत्तर मिळते, आणि प्रत्येक कामाला तिच्याकडे पुन्हा वळावे लागते. तिची जागा यंत्राजवळच्या भिंतीवर आहे. हेच आकडे मधुर आवाजात वाचून दाखविले तरी श्रोत्याजवळ ‘आकडे पुष्कळ होते’ एवढीच आठवण उरते.

उरलेले अंश न कानाचे, न पुस्तकाचे. चांगला जोड व सच्छिद्र जोड यांतील फरक कापलेले नमुने हाती घेऊनच कळतो. हाताचा कोन व वेग कारागिराशेजारी उभे राहून, डोळ्यांवर काळी काच धरून पाहावा लागतो. सुरक्षिततेच्या नियमांचे दोन भाग पडतात : उघड्या डोळ्यांनी ज्योतीकडे का पाहू नये, गार झालेली मळी ठोकतानाही चष्मा का हवा, ही कारणे ऐकवावीत, नियमांची यादी भिंतीवर लावावी. अशा रीतीने एकाच पाठाची कान, पान, डोळा व हात यांत वाटणी होते, आणि कानाच्या वाट्याला जे येते ते थोडे असले तरी दुसऱ्या कोणाला देता येण्याजोगे नसते.

वाटणी चुकली हे कसे ओळखावे? विद्यार्थ्याच्या आवडीवरून ते कळत नाही. अमेरिकेत डॅनियल व वूडी यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांपैकी काहींना एक लेख छापील, तर काहींना पॉडकास्टच्या रूपाने दिला होता; नंतरच्या चाचणीत ऐकणाऱ्यांचे गुण स्पष्टपणे कमी आले. याउलट रोगोव्स्की व सहकाऱ्यांच्या 2016 च्या अभ्यासात कथनात्मक पुस्तकाचा भाग ऐकणाऱ्या व वाचणाऱ्या प्रौढांच्या आकलनात लक्षणीय भेद आढळला नाही. दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात. परंतु एका ठिकाणी मजकूर माहितीने दाटलेला होता व दुसऱ्या ठिकाणी कथा पुढे सरकत होती हे ध्यानी घेतले, म्हणजे विरोध बराचसा मावळतो. ऐकताना मन भटकण्याचे प्रमाण वाचनापेक्षा अधिक असते, असेही 2013 च्या एका कॅनेडियन अभ्यासात दिसून आले आहे. कथेत भटकलेले मन पुढच्या प्रसंगाशी पुन्हा जोडले जाते. सिद्धांताच्या मांडणीत एक पायरी निसटली की पुढच्या सर्व पायऱ्या निराधार होतात.

पाठ तयार करणाऱ्याला यावरून एक साधी परीक्षा घेता येते. विषय ठाऊक नसलेल्या एका विद्यार्थ्याला मसुदा एकदाच वाचून दाखवावा व त्याला कागद-पेन्सिल द्यावी. ज्या ठिकाणी तो लिहू लागेल, तो अंश पानाचा आहे असे समजावे. ज्या ठिकाणी तो ‘हे म्हणजे कोणते?’ असे विचारील, तेथे आकृती हवी आहे किंवा सर्वनाम फार दूरच्या नामाकडे बोट दाखवीत आहे. दुसऱ्या दिवशी त्याला पाठ आपल्या शब्दांत सांगावयास लावावा. कारणांची साखळी शाबूत असून केवळ आकडे गळाले असतील, तर पाठ कानाला योग्य आहे, आकडे तेवढे वेगळे काढावेत. साखळीच तुटली असेल, तर पाठ लहान करावा व प्रत्येक तुटलेल्या जागी श्रोत्याने थांबून उत्तर द्यावे असा प्रश्न घालावा.

दीडशे खेड्यांतील श्रोतृमंडळांनी हेच केले होते. तेथे थांबण्याची जागा कार्यक्रमाच्या शेवटी होती व प्रश्न विचारण्यास शेजारी होता. एकट्याने ऐकावयाच्या पाठात ती जागा पाठाच्या आतच करून ठेवावी लागते.