भावाबहिणीची अदलाबदल

वडिलांच्या जमिनीची वाटणी झाली, सातबारे वेगळे निघाले. भावाला विहिरीलगतचा गट मिळाला, बहिणीला रस्त्याकडचा. आणि आता दोघांनाही दुसऱ्याचा हवा आहे. तोंडी ठरवून कसायला सुरुवात करू नका. मालकी बदलते ती नोंदणीकृत अदलाबदल दस्तानेच.

समजा, एका गटाचे बाजारमूल्य बारा लाख आणि दुसऱ्याचे दहा. मुद्रांक शुल्क फक्त दोन लाखांच्या फरकावर लागेल असे अनेकांना वाटते. तसे नाही. जास्त किमतीचा गट धरून, म्हणजे बारा लाखांवर, खरेदीखताच्याच दराने ते भरावे लागते. म्हणून जमीन अजून सामाईक असेल तर हवे ते गट वाटणीतच घ्यावेत. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला नाममात्र मुद्रांक पुरतो. हे आधी कोणी सांगत नाही, हीच खरी चूक!

दस्तानंतर फेरफार धरला जातो, नोटीस निघते, हरकत नसल्यास मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. मग दोन्ही सातबारे काढा. एकाच गटाची नोंद झाली आणि दुसरा तसाच राहिला, असे घडते. इतर हक्कातला सोसायटीचा बोजा मात्र दस्तापूर्वीच पाहा, तो जमिनीबरोबरच तुमच्याकडे येतो.