तांबं फेसावर कसं चढतं

चाकण-महाळुंगे पट्ट्यात गाड्यांसाठी वायरिंग हार्नेस तयार होतात. भोसरी-चिंचवडच्या वर्कशॉपांमध्ये मोटारींची वाइंडिंग भरली जातात. साध्या पेट्रोल गाडीत तारा, मोटारी आणि जोडण्या मिळून सुमारे वीस किलो तांबं असतं. तेवढं तांबं मिळवायला भारतात सव्वादोन टनांहून थोडा जास्तच खडक फोडावा लागतो, म्हणजे बहुतेक गाड्यांच्या स्वतःच्या वजनाहून अधिक. तारेतलं तांबं नेमकं कुठल्या खाणीतलं हे सांगता येत नाही, कारण भट्टीत सगळं एकत्र होतं. पण देशातली सर्वांत मोठी तांब्याची खाण आपल्या गोंदिया जिल्ह्याला लागूनच आहे. बालाघाट जिल्ह्यातला हिंदुस्थान कॉपरचा मलाजखंड प्रकल्प 1982 पासून चालू आहे. याच कंपनीचा तांब्याचे जाड रॉड ओतण्याचा कारखाना रायगड जिल्ह्यात तळोज्याला आहे. असे रॉड ओढून बारीक केले की तार तयार होते.

मलाजखंडचा खडक मुख्यतः गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा. त्यात पितळी रंगाचे कण विखुरलेले असतात. ते चाल्कोपायराइट, सूत्र CuFeS2: तांबं, लोखंड आणि गंधक. त्याच्या सोबतीला पायराइटही असतो, त्यात फक्त लोखंड आणि गंधक. खडकात तांबं शेकडा एकाच्या आसपास. असला खडक थेट भट्टीत घातला तर शंभरातले सत्त्याण्णव भाग दगड वितळवण्यातच इंधन जाईल. म्हणून खाणीशेजारीच दगडातून चाल्कोपायराइट वेगळा काढतात, तो पाण्यात, बुडबुड्यांवर चढवून. शाळेच्या पुस्तकात हे ‘फेनतरण’ म्हणून येतं, आणि तिथं बहुधा पाइन तेलाचं नाव असतं: तेल घाला, हवा सोडा, धातुक फेसावर येतं. वाचणाऱ्याला वाटतं की तेलच तांब्याला वर उचलतं. आजच्या कारखान्यात पाइन तेलाचं किंवा तशा रसायनाचं काम फेस करणं एवढंच असतं. तांब्याच्या कणाला फेसाकडे वळवणारं रसायन वेगळंच.

नागपूरच्या भारतीय खाण ब्यूरोच्या खनिज प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी खडकाची परीक्षा ज्या रीतीने होते, तीच रीत घेऊन एक किलो नमुन्याचा हिशेब मांडू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्या एका चाचणीचे नाहीत. एक किलोत शेकडा एक तांबं म्हणजे 10 ग्रॅम. चाल्कोपायराइटमध्ये तांबं सुमारे 34.6 टक्के, म्हणून हे 10 ग्रॅम तांबं जेमतेम 29 ग्रॅम खनिजात बसलेलं आहे. उरलेला 971 ग्रॅम दगड आणि पायराइट.

आधी दळण. नमुना पाण्यासकट गिरणीत इतका दळतात की निम्म्याहून बराच अधिक भाग 75 मायक्रॉनच्या, म्हणजे 200 मेशच्या, चाळणीतून खाली जावा. खनिजाचा कण गारगोटीपासून सुटा झाला पाहिजे हा त्यामागचा उद्देश. कण अर्धा गारगोटीत अडकलेला असेल तर कुठलंही रसायन तो नीट उचलू शकत नाही. मग हा गाळ तीन लिटरच्या सेलमध्ये घालतात. तिथं तळाशी फिरता पंखा असतो आणि त्याच्या दांड्यातून हवा सोडता येते. अजून हवा बंद. गाळात शेकडा तीस भाग घन, बाकी पाणी.

आता चुना. पीएच 10.5 च्या आसपास येईपर्यंत चुन्याचं पाणी घालतात. याचं कारण पुढे येईल.

त्यानंतर कलेक्टर, म्हणजे तांब्याच्या कणाला फेसाकडे वळवणारं रसायन. सल्फाइड धातुकांसाठी बहुतेक ठिकाणी हा झँथेट असतो. पिवळसर भुकटीचा किंवा गोळ्यांचा हा पदार्थ अल्कोहोल, अल्कली आणि कार्बन डायसल्फाइड यांपासून बनवतात. 1925 मध्ये कॉर्नेलियस केलर याने फेनतरणासाठी त्याचं पेटंट घेतलं आणि धंद्याची रीतच बदलली. त्याआधी निरनिराळी तेलं वापरत, आणि कणाला वळवणं व फेस करणं ही दोन्ही कामं ती धडपणे करत नसत. झँथेटच्या रेणूची एक बाजू गंधकाची, दुसरी बाजू कार्बनची छोटी साखळी. गंधकाची बाजू सल्फाइडच्या पृष्ठभागावर बसते आणि साखळी बाहेरच्या पाण्याकडे तोंड करून राहते. त्या साखळीला पाणी नको असतं. गारगोटीला झँथेट धरत नाही, म्हणून ती ओलीच राहते. तांब्याच्या कणावर मात्र पाण्याची गत अळवाच्या पानावर होते तशी होते: पसरत नाही, मागे सरतं. चाल्कोपायराइटवर हे बसणं साधं चिकटणंही नाही. पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनच्या मदतीने झँथेटचं रूपांतर डायझँथोजेन नावाच्या तेलकट पदार्थात होतं, आणि त्याचा पापुद्रा कणावर पसरतो.

मात्रा किती? एका टनाला 40 ग्रॅम धरू. आपल्या एक किलोला 40 मिलिग्रॅम, म्हणजे शेकडा एक द्रावणाचे 4 मिलिलिटर. इतकंसं पुरतं, कारण रंगवायचा आहे तो किलोभर दगड नव्हे, त्यातल्या 29 ग्रॅम खनिजाचा पृष्ठभाग, आणि तोही एखाद्या रेणूच्या जाडीचा. दोन-तीन मिनिटं ढवळत राहायचं.

अजूनही काही तरंगत नाही. झँथेट घातलेल्या पाण्यात हवा सोडली तर मोठमोठे बुडबुडे येतात, एकमेकांत मिसळतात आणि वर येताच फुटतात. कणांना बसायला जागाच राहत नाही. इथं फ्रॉदर लागतो. तो पाइन तेल असेल किंवा एमआयबीसीसारखं साखळीदार अल्कोहोल. त्याचा रेणूही दुतोंडी असतो, पण तो खनिजावर बसत नाही, हवा आणि पाणी यांच्या सीमेवर बसतो. त्याने दोन गोष्टी होतात. बुडबुडे एकमेकांत मिसळेनासे होतात, म्हणून ते लहान राहतात. आणि वर आल्यावर थोडा वेळ टिकतात. लहान राहण्याचं मोल हिशेबात दिसतं. एक लिटर हवा चार मिलिमीटरच्या बुडबुड्यांत वाटली तर त्यांचा एकूण पृष्ठभाग दीड चौरस मीटर भरतो. एक मिलिमीटरच्या बुडबुड्यांत वाटली तर सहा. तेवढ्याच हवेत कणांना चौपट जागा. आपल्या नमुन्याला टनाला 20 ग्रॅमच्या हिशेबाने एक-दोन थेंब पुरतात.

थोडक्यात, कलेक्टर खनिज-पाण्याच्या सीमेवर काम करतो आणि फ्रॉदर हवा-पाण्याच्या. कारखान्यातल्या बऱ्याच गडबडी एकाचं दुखणं दुसऱ्याच्या औषधाने बरं करायला गेल्यामुळे होतात.

फ्रॉदर घातल्यावर मिनिटभराने हवा सोडतात. पंख्याने उडवलेला कण बुडबुड्यावर आदळतो. तो पाणी नाकारणारा असेल तर मधला पाण्याचा पापुद्रा फाटतो आणि कण चिकटतो. ओला असेल तर घसरून खाली जातो. वर जमलेला काळपट-पितळी फेस दर काही सेकंदांनी पट्टीने पन्हाळात ओढतात. आठ-दहा मिनिटांत फेस पांढरा, रिकामा दिसू लागतो. पहिली काढणी संपली. समजा, तिचं वजन वाळल्यावर 80 ग्रॅम भरलं आणि तांबं 11.5 टक्के निघालं, म्हणजे 9.2 ग्रॅम. सेलमध्ये उरलेल्या 920 ग्रॅममध्ये, म्हणजे टेलिंगमध्ये, 0.8 ग्रॅम गेलं. हे 80 ग्रॅम पुन्हा स्वच्छ पाण्यात, फारसं रसायन न घालता तरंगवतात. आता 35 ग्रॅम कॉन्सन्ट्रेट मिळतं, 25 टक्क्यांचं, त्यात 8.75 ग्रॅम तांबं. उरलेल्या 45 ग्रॅममध्ये 0.45 ग्रॅम अडकतं. कारखान्यात ते फेकत नाहीत, मागच्या सेलकडे परत पाठवतात.

पहिल्या फेसात इतका दगड आला कसा, हा रास्त प्रश्न आहे. गारगोटी तर तरंगत नाही. ती तरंगून येतच नाही, दोन बुडबुड्यांमधल्या पाण्यासोबत वाहून येते. विशेषतः अगदी बारीक दळलेला गाळ. त्यावर कलेक्टर कमी-जास्त करून काही होत नाही. फेसाचा थर जाड ठेवायचा, म्हणजे पन्हाळापर्यंत येता येता पाणी निथळून खाली जातं, किंवा वरून पाण्याचा बारीक फवारा मारायचा. फ्रॉदर जास्त पडला तर उलट होतं. फेस पातळ आणि पाणीदार होतो, पन्हाळात उतरल्यावरही फुटत नाही, पंपाच्या टाकीवरून उतू जातो, आणि कॉन्सन्ट्रेटमध्ये सिलिका वाढते.

कलेक्टर जास्त झाला की वेगळी खूण दिसते. कॉन्सन्ट्रेटचं वजन वाढतं, तांब्याचा टक्का उतरतो, पण सिलिका फारशी वाढलेली नसते. वाढलेलं असतं लोखंड आणि गंधक. पायराइट वर येऊ लागलाय. इथं चुन्याचं कारण कळतं. पायराइटही सल्फाइडच, झँथेट त्यावरही बसायला तयार असतो. पाणी पुरेसं अल्कधर्मी असेल तर पायराइटच्या पृष्ठभागावर लोखंडाच्या हायड्रॉक्साइडचा थर येतो आणि झँथेटला तिथं जागा मिळत नाही. चाल्कोपायराइटला त्याच पीएचला तितका त्रास होत नाही. या फरकावरच सगळं निवडणं चालतं. चुना कमी करून चालत नाही याला दुसरंही कारण आहे. पाणी आम्लधर्मी झालं तर झँथेट फुटून कार्बन डायसल्फाइड सुटतो, जो विषारी आहे आणि पटकन पेट घेतो.

रसायनांनी न सुटणारी एक अडचण खडकातच असते. खाणीच्या वरच्या थरात हवा-पाण्याने सल्फाइडचं ऑक्साइड-कार्बोनेट झालेलं असतं, मॅलाकाइटसारखं हिरवं. त्याला झँथेट नीट धरत नाही. आधी सोडियम सल्फाइडने पृष्ठभागावर पुन्हा गंधकाचा थर चढवावा लागतो, नाहीतर तो माल वेगळा ठेवून आम्लाने विरघळवावा लागतो. चांगल्या धातुकात असा थोडा माल मिसळला तरी टेलिंगमधलं तांबं चढतं आणि पाळीवरचा माणूस उगाच झँथेट वाढवत बसतो.

म्हणून टेलिंगमध्ये तांबं जास्त दिसलं तर जाणता माणूस आधी डोसिंग पंपाला हात लावत नाही. तो टेलिंग चाळण्यांवर घालून जाड, मधलं आणि अगदी बारीक असे भाग पाडतो आणि प्रत्येकातलं तांबं मोजायला देतो. तांबं जाड भागात असेल तर कण गारगोटीत अडकलेत किंवा बुडबुड्याला पेलत नाहीत, म्हणजे दळण कमी पडलंय. अगदी बारीक भागात असेल तर दळण जास्त झालंय, कारण काही मायक्रॉनचा कण पाण्याच्या प्रवाहाबरोबर बुडबुड्याला वळसा घालून जातो, आदळतच नाही. मधल्या भागात, भिंगाखाली सुटे आणि चकचकीत कण दिसत असतील, तर मात्र झँथेट कमी पडलाय, आणि तेव्हाच त्याची मात्रा टनाला पाच ग्रॅमने वाढवून पाहायची.