टिटवी आणि डुंब्या

एका कागदावर दोन आकृत्या काढा. एक चांदणीसारखी, टोकंच टोकं असलेली. दुसरी ढगासारखी, कुठेच कोपरा नसलेली. आता सांगा, यांतली 'ताकेते' कोणती आणि 'बालुबा' कोणती? हे शब्द कुठल्याच भाषेतून घेतलेले नाहीत, तरी तुमचं उत्तर एव्हाना ठरलेलं असणार. जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोलर यांनी १९२९ साली आपल्या पुस्तकात हे कोडं मांडलं. बहुतेकांनी टोकदार आकृतीला ताकेते म्हटलं आणि गोलाला बालुबा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पंचवीस भाषांच्या लोकांना 'बूबा' आणि 'कीकी' हे असेच दोन शब्द ऐकवले. सुमारे ७२ टक्के उत्तरं याच बाजूने पडली. अक्षरओळख नसलेली अडीच वर्षांची मुलंही आकृत्यांची अशीच वाटणी करतात, हे कॅनडातल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं होतं. म्हणजे हा नुसता लिपीतल्या वळणांचा परिणाम नाही.

मुलांच्या चित्रकथेतल्या जोडीला नाव देणाऱ्यासाठी हा केवढा खजिना आहे! नावाला काही अर्थ असो वा नसो, ते ऐकताक्षणी मुलाच्या डोळ्यांसमोर आकार उभा राहतो. क, ट, त म्हणताना हवा अडते आणि एकदम सुटते. 'इ' म्हणताना ओठ ताणले जातात. याउलट ब, म, ल या ध्वनींत घोष असतो, आवाज तुटत नाही. 'उ' आणि 'ओ' म्हणताना तर ओठच गोल होतात. त्या गोलाईची छाया बहुधा नावावर पडते.

याचं सुरेख उदाहरण फ्रान्सचं आहे. रने गॉसिनी आणि अल्बेर युदेर्झो यांनी १९५९ मध्ये पॅरिसजवळच्या बोबिन्यी गावात, युदेर्झोच्या घरी बसून अ‍ॅस्टेरिक्स घडवला. युदेर्झोच्या मनात धिप्पाड योद्धा होता. गॉसिनीला बुटका, चतुर नायक हवा होता. शेवटी नायक बुटका झाला आणि धिप्पाडपणा त्याच्या सोबत्याकडे, ओबेलिक्सकडे गेला. आता नावं मोठ्याने म्हणून पाहा. अ‍ॅस्टेरिक्समध्ये 'स्ट' आणि 'क्स' खटकन तुटतात. ओबेलिक्सची सुरुवात 'ओ' आणि 'ब' यांनी होते. शेवट दोघांचा सारखाच, कारण दोघे एकाच जमातीचे. एकाच जमातीची माणसं, पण अंगाने निराळी, एवढं सगळं दोन नावांनी सांगून टाकलं.

आता हेच आपल्याकडे, वाईसारख्या छोट्या गावात करून पाहू. वाचक चौथी ते सहावीतले. नायिका लहानखुरी, सायकलवर भिरभिरणारी, संकटाची चाहूल सगळ्यांच्या आधी लागणारी मुलगी. तिचा सोबती उंच, भरदार, निवांत. कृष्णेच्या घाटावर पाण्यात उतरला की बाहेर यायचं नाव न घेणारा.

तिच्यासाठी मला 'टिटवी' सुचलं. दोन 'ट', पुढे-मागे 'इ' आणि 'ई'. शिवाय नदीकाठच्या या पक्ष्याचं नाव त्याच्याच ओरडण्यातून आलेलं आहे आणि कुणी घरट्याजवळ आलं की तोच आधी गलका करतो. टिटवीचं रात्री ओरडणं अशुभ मानणाऱ्या आज्या अजून घराघरांत आहेत, त्यामुळे एखादी नाक मुरडेल. पण पंचतंत्रात अंडी पळवणाऱ्या समुद्राला नमवणारं जोडपं टिटव्यांचंच आहे! मी हे नाव सोडणार नाही.

सोबत्याचं नाव जास्त अवघड. गोल ध्वनींचा पहिला शब्द मनात येतो तो 'ढोल्या'. वाईतल्या मुलांना तो पाठच असतो, कारण १७६२ मध्ये रास्त्यांनी बांधलेल्या देवळातल्या भव्य मूर्तीला अख्खं गाव प्रेमाने ढोल्या गणपती म्हणतं. पण देवाला जे लाडाचं, ते पाचवीतल्या जाड मुलाला जिव्हारी लागतं. छोट्या गावात एक शाळा, एक मैदान. चिकटलेलं नाव दहावीपर्यंत सुटत नाही. 'भोपळ्या'चंही तेच. इथेच ध्वनीची किमया कामाला येते. गोलपणा आवाजात आहे, तर तो अर्थात आणायची गरजच नाही.

म्हणून डुंबण्यावरून 'डुंबू'. आवाज गोल, अर्थ पाण्याच्या ओढीचा. पण फुग्यात संवाद लिहून बघितला की अडचण कळते: 'डुंबू नको!' ही हाक मारून केलेली मनाई, की पाण्यात न उतरण्याची ताकीद? इंग्रजीत विशेषनामाचं पहिलं अक्षर मोठं असतं. देवनागरीत तशी खूण नाही. क्रियापदासारखं दिसणारं नाव वाक्यच मोडतं. 'टिटवी ओरडली' यात पक्षी की मुलगी असा प्रश्न पडेल, पण वाक्य उभं राहतं, आणि शेजारचं चित्र उत्तर देतं.

मग 'डुंब्या'. बन्या, गोट्या यांच्या पंगतीत बसणारं घरगुती रूप. त्याचा आणखी एक फायदा आहे. मराठीत नावाला प्रत्यय लागला की ते कधी कधी रूप बदलतं: 'डुंबा' ठेवलं असतं तर 'डुंब्याने', 'डुंब्याला' होऊ शकलं असतं आणि घाईने वाचणारं मूल हा दुसराच कोणी समजलं असतं. 'डुंब्या' सगळ्या विभक्तींत तसाच राहतो, टिटवीही. फक्त हाक मारताना 'टिटवे!' होईल, ते मुलं घरी रोज करतातच.

आडनाव मी देणार नाही. आपल्याकडे आडनावावरून जात हुडकली जाते आणि छोट्या गावात तर घरही.

एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. नेपाळमधल्या स्युबा भाषकांवर हाच प्रयोग केला, तेव्हा तो फसला. संशोधकांचं म्हणणं असं, की ते बनावट शब्द त्या भाषेच्या ध्वनिरचनेत बसत नव्हते. अनोळखी वळणाचा शब्द कानाला शब्दच वाटला नाही, तर आकार कुठून उमटणार? म्हणून 'झिक्स्ट्रा' छापाचं नाव कितीही टोकदार असलं तरी वाईच्या मुलीला ते टिटवीइतकं टोचणार नाही.

छापण्याआधी परीक्षा सोपी आहे. दोघांची चित्रं, मुलगा-मुलगी कळणार नाही अशा नुसत्या बाह्याकृती करून, नावाशिवाय दाखवा आणि एकेका मुलाला बाजूला घेऊन विचारा, यांत टिटवी कोण आणि डुंब्या कोण? सगळ्या वर्गाला एकदम विचारलं तर पहिल्या उत्तराची नक्कल होते. चित्रांची डावी-उजवी बाजू अधूनमधून बदला. निम्मी उत्तरं इकडे, निम्मी तिकडे आली तर नाव काहीच करत नाही, असं समजा. दुसऱ्या दिवशी न सांगता नावं लिहायला लावा. कुणी 'डुंबा' लिहिलं, कुणी 'डुम्ब्या', तर अनुस्वार आणि जोडाक्षर कुठे अडतंय ते दिसेल. आणि शेवटी शिक्षकांना हळूच विचारा, शाळेत या नावाने कुणाला चिडवतात का. एकाला जरी चिडवत असले, तरी नाव बदलायचं. त्या वेळी बदलायला फक्त खोडरबर लागतं.