चांदणीखालचा विनोद

‘तुझ्यासाठी काय पण*’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत: ‘*रविवारी मॅच नसल्यास. अटी लागू.’ व्हॉट्सॲपवर असे मीम रोज फिरतात. लग्न, पगारवाढ, पहाटे उठण्याचा संकल्प, काहीही या साच्यात बसतं. वरची ओळ शब्द देते, चांदणी डोळ्यांना खाली नेते आणि खालची ओळ तो शब्द परत घेते. वाचणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही, कारण हा अनुभव त्याने दुकानात पैसे मोजून घेतलेला असतो.

एक नमुन्यादाखल सवलत घ्या: ‘कार्डावर १० टक्के सूट*’. तळाशी दोन अटी आहेत: किमान खरेदी ५,००० रुपयांची आणि सूट जास्तीत जास्त ५०० रुपये. आता हिशोब मांडून बघा. ४,९९९ रुपयांच्या खरेदीवर काहीच मिळत नाही. २०,००० रुपयांच्या फोनवर ५०० रुपये सुटतात, म्हणजे अडीच टक्के. पूर्ण १० टक्के सूट फक्त एकाच रकमेवर मिळते, बरोबर ५,००० रुपयांवर! मीम लिहिणाऱ्याला यात भर घालायला फारसं काही उरत नाही.

म्युच्युअल फंडांच्या जाहिरातीतली बाजाराच्या जोखमीची सूचना एका दमात म्हणून दाखवणं हाही असाच लाडका विनोद. टीव्हीवर ती सूचना इतकी भरभर वाचली जायची की शब्द कळत नसत. शेवटी ‘सेबी’ने सांगितलं, की १ एप्रिल २००८ पासून ती स्पष्ट ऐकू आली पाहिजे, चौदा शब्दांच्या सूचनेला किमान ५ सेकंद, असं उदाहरणही दिलं.

पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो जून २०२२ मधला नियम. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या त्या मार्गदर्शक सूचनांनुसार तळटीप दाव्याचा खुलासा करू शकते, तो अधिक स्पष्ट करू शकते. दाव्याच्या उलट बोलू शकत नाही, महत्त्वाची माहिती दडवू शकत नाही. दावा ज्या भाषेत, तळटीपही त्याच भाषेत हवी. मराठी फलकावर मोठी मराठी सवलत आणि खाली बारीक इंग्रजी अटी, हे नियमात बसत नाही. आणि तरी असे फलक रस्त्यारस्त्यावर दिसतात, याची चीड यायलाच हवी.

म्हणून जाहिरात वाचताना चांदणीखालची ओळ वरच्या ओळीला जोडून एक सलग वाक्य करावं. ‘सर्व कपड्यांवर ५० टक्के सूट, निवडक कपड्यांवर’ असं काही तयार झालं, तर ‘सर्व’ हा शब्द खोटा आहे. अशा फलकाचा तारखेसह फोटो काढून ठेवावा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.